सेल्स कॉल न ऐकता मार्क कसे द्यावेत

टीमचे रेकॉर्ड केलेले सेल्स कॉल तपासायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी अभिनंदन. घाबरू नका. त्यासाठी कॉल ऐकावे लागतात ही अफवा आहे.

रेकॉर्डिंग उघडण्यापूर्वी, ग्राहकांची आणि सौद्यांची नोंद असते त्या सीआरएममध्ये डोकावून सौदा झाला की फिसकटला ते पाहून घ्या. झाला असेल तर मार्क वरून खाली द्यायचे, फिसकटला असेल तर खालून वर. ग्राहकाने आधीच ठरवून फोन केला होता आणि आपला माणूस वीस मिनिटं नुसता स्वतःच बोलत होता, असल्या फालतू तपशिलात शिरायचं नाही. ऑर्डर आली ना? मग डिस्कव्हरी, म्हणजे प्रश्न विचारून ग्राहकाची अडचण शोधणं, तेही झालं असणारच.

ऐकायचंच झालं तर दुप्पट वेगात ऐका. ग्राहक बोलता बोलता अडखळून थांबतो ते तीन-चार सेकंद त्या वेगात जाणवतच नाहीत. मग आपला माणूस तिथे गप्प राहिला की मधेच तोंड घालून बसला, हे तपासायची कटकट राहत नाही.

आता मुख्य विषय, डिस्कव्हरीचे प्रश्न. ते मोजावेत. आठ असले की पूर्ण मार्क. प्रश्न काय होता, उत्तर काय आलं आणि त्या उत्तरावर पुढे काही विचारलं का, हे मार्कांच्या तक्त्यात, त्या रुब्रिकमध्ये नाही, म्हणजे जगातच नाही. ‘माणसं किती? शाखा किती? सध्या कोणतं सॉफ्टवेअर? बजेट किती?’ असं जनगणनेसारखं धडाधड विचारत जाणारा तुमचा आदर्श. ग्राहकाने मधे ‘फार ताप झालाय हो’ म्हटलं आणि आपल्या पठ्ठ्याने ‘ओके, जीएसटी नंबर आहे?’ विचारलं, तरी एक प्रश्न वाढलाच की!

माझाच कॉल घ्या. औषधांचा एक स्टॉकिस्ट, आम्ही विकतो ते स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर. बोलता बोलता ते म्हणाले, ‘एक्सपायरीचा माल कंपनीला परत पाठवायचा राहून जातो.’ मी विचारलं, कसा राहतो? तर बॅच आणि तारखा वहीत, वही गोडाऊनमध्ये, आणि कंपनीने दिलेली मुदत उलटली की क्रेडिट नोट मिळत नाही. गेल्या तिमाहीत किती रुपयांचा राहिला? थोडं थांबून म्हणाले, ‘साठ-सत्तर हजार तरी गेले असतील.’ हे बघतं कोण? ‘धाकटा बघतो, पण तो चार वाजल्यानंतरच दुकानात असतो.’ कॉलभर मी विचारलेले डिस्कव्हरीचे प्रश्न एवढे तीनच. त्यांतून अडचण कळली, तिची किंमत खुद्द ग्राहकाच्या तोंडून आली आणि ज्याच्याशी बोलायला हवं तो माणूसही सापडला. शीटवर शेरा काय? ‘डिस्कव्हरी कमी पडली. प्रश्न ३/८. शाखांची संख्या विचारली नाही.’ अहो, एकच दुकान आहे त्यांचं! दुसऱ्याच मिनिटाला ते स्वतःहून सांगतात. पण दुप्पट वेगात दुसरं मिनिट येतं कधी आणि जातं कधी.

पुढे ऑब्जेक्शन. त्यासाठी सोपा नियम असा, की ग्राहक ‘महाग आहे’ म्हणाला की आपल्या माणसाने श्वास न घेता फायद्यांची यादी म्हणून दाखवली पाहिजे. यादी जितकी लांब, तितके मार्क जास्त. माझ्या स्टॉकिस्टनेही ‘महाग वाटतंय’ म्हटलंच. मी क्षणभर थांबलो आणि ‘कशाच्या मानाने?’ एवढंच विचारलं. तेव्हा खरं दुखणं बाहेर आलं. पूर्वी त्यांनी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, पैसेही भरले होते, पण जुना डेटा चढवायला कोणी फिरकलंच नाही, आणि ते तसंच पडून राहिलं. म्हणजे प्रश्न किमतीचा नव्हताच, डेटा कोण चढवणार याचा होता. डेटा आमचा माणूस चढवतो, किती दिवस लागतात आणि त्यांच्याकडून काय लागेल, हे मी सांगितलं आणि विचारलं, ‘एवढ्याने ती काळजी मिटते का?’ ते ‘हो’ म्हणाले. आणि शेरा? ‘प्राइस ऑब्जेक्शन हाताळलं नाही. व्हॅल्यू पिच नाही. सवलतीचा उल्लेख नाही. ०.’ शून्य! जी सवलत त्या माणसाने मागितलीच नाही, ती मी पदरची का द्यायची, आणि ती न दिल्याबद्दल माझे मार्क का कापायचे?

नेक्स्ट स्टेपबद्दल फार लिहीत नाही. ‘ब्रोशर पाठवतो, बघून सांगा’ हे वाक्य सापडलं की टिकमार्क.

मार्क शक्यतो दहापैकी सात द्यावेत. सातावर कोणी भांडत नाही.

एकच कॉल दोघांना वेगवेगळा तपासायला कधीही देऊ नका, नाहीतर एकाचे चार आणि दुसऱ्याचे आठ निघतील आणि रुब्रिकचं पितळ उघडं पडेल.

आता हे नाटक पुरे. साहेब, ‘डिस्कव्हरी, दहापैकी’ एवढं लिहिलेला रकाना म्हणजे रुब्रिक नव्हे. शून्य, एक आणि दोन, एवढीच पट्टी ठेवा आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ लिहून काढा. ग्राहकाने अडचण सांगितली आणि आपला माणूस पुढच्याच विषयावर गेला, तर शून्य. त्याच अडचणीवर आणखी एक प्रश्न विचारला, तर एक. ती अडचण ग्राहकाला पैशात, वेळेत किंवा माणसांत किती पडते हे त्याच्याच तोंडून आलं, तर दोन. ऑब्जेक्शनचंही तसंच. लगेच उत्तर फेकलं तर शून्य, आधी विचारून कारण काढलं तर एक, आणि उत्तर दिल्यावर शंका मिटली का हे विचारून घेतलं तर दोन. नेक्स्ट स्टेपमध्ये दिवस, वेळ, कोण हजर राहणार आणि तोवर कोणी काय करायचं हे चारही कॉलवरच ठरलं तर दोन. माझ्या कॉलवर बुधवार, साडेचार, धाकटा हजर आणि मंगळवारपर्यंत त्यांच्याकडून एक्सपायरीची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर, एवढं ठरलं होतं. तुमच्या शीटवर तिथे ‘ब्रोशर पाठवलं नाही’ असं लिहिलंय!

आणि मार्कासमोर मिनिट-सेकंद लिहायची सवय लावा. १४:२० ला असं झालं म्हणून शून्य, असं लिहिता येत नसेल तर तो शून्य देऊच नका. सौद्याचा निकाल मार्क देऊन झाल्यावर पाहा. कॉल फक्त फिसकटलेल्या सौद्यांचे काढू नका, झालेल्यांतलेही काढा, आणि ते तुम्ही निवडू नका, चिठ्ठ्या टाका. ज्याचा कॉल आहे त्याला आधी स्वतःचे मार्क लिहू द्या, मग तुमचे दाखवा. महिन्यातून एकदा दोन टीम लीडनी एकमेकांचं न बघता एकच कॉल तपासावा आणि जिथे आकडे जुळत नाहीत त्या ओळीची भाषा दुरुस्त करावी. ओळ दुरुस्त करायची आहे, पोराला झापायचं नाहीये. बारा शेऱ्यांची मेल सोमवारी सकाळी पाठवू नका, कोणी वाचत नाही. पुढच्या आठवड्यात बदलायची एकच गोष्ट सांगा आणि पुढच्या कॉलमध्ये तेवढीच शोधा.

एवढं ऐकायला वेळ नाही म्हणता? मग चाळीस कॉलऐवजी चार तपासा, पण नेहमीच्या वेगात आणि शेवटपर्यंत. तेही जमणार नसेल तर निदान त्या शीटवरच्या सरासरीवर आमचा इन्सेन्टिव्ह तरी ठरवू नका.