असंख्य, कित्येक, हजारो, अनेक : एका प्रतिक्रियेला उत्तर

«या सगळ्या शब्दांचा अर्थ 'खूप' एवढाच आहे. उगाच कीस कशाला काढायचा? 'सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली असंख्य शिवलिंगे आहेत' असे लिहिले, तर बिघडले कुठे?»

आपल्याच वाक्यापासून सुरुवात करतो. परंपरेप्रमाणे ही लिंगे 68 आहेत आणि सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत यण्णीमज्जनाच्या, म्हणजे लिंगांना तेलाचा अभिषेक करण्याच्या दिवशी नंदीध्वजांच्या उंच काठ्या त्या सर्वांना प्रदक्षिणा घालतात, म्हणजे आपल्या गावाने ती मोजलेली आहेत व दरवर्षी एकेक करून गाठलेली आहेत. 'असंख्य' हा शब्द मोजणीच शक्य नाही असे सांगतो. तो ऐकल्यावर 'किती?' हा प्रश्न विचारायला जागा उरत नाही, आणि इथे तर त्या प्रश्नाला नेमके उत्तर आहे. हा शब्द यात्रेच्या गर्दीला शोभेल, लिंगांना नाही.

'कित्येक' या शब्दात 'किती' शिल्लक आहे. आकडा असतो, तो शोधता येईल, पण बोलणाऱ्याजवळ आत्ता नाही, असे तो सुचवतो. म्हणून 'गिरण्या बंद पडल्यावर कित्येक कुटुंबे पुण्या-मुंबईला गेली' हे वाक्य प्रामाणिक वाटते.

'शेकडो' आणि 'हजारो' यांची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे खरी संख्याच सैल झालेली आहे. इंग्रजीतील 'मिरियड'चेही असेच झाले : मूळ ग्रीक शब्दाचा नेमका अर्थ दहा हजार, आपल्याकडील 'अयुत' तेवढाच, पण आज 'मिरियड' म्हणणाऱ्याच्या मनात तो आकडा नसतो. मराठीत मात्र ही सैलता पूर्ण नाही. 'शेकडो भाविक' म्हटले की ऐकणारा निदान दोन-तीनशे धरतो आणि हजारांपर्यंत गर्दी गेली नाही असेही समजतो, त्यामुळे पाच हजारांच्या गर्दीला 'शेकडो' म्हणणे ती कमी करून सांगण्यासारखेच आहे.

सर्वांत फसवा शब्द मला 'अनेक' वाटतो. व्याकरणात दोन वस्तूंनाही अनेकवचन लागते, परंतु दोन माणसे आली तर 'अनेक माणसे आली' असे कुणी म्हणत नाही. वाक्यात हा शब्द चार-पाचांच्या पुढेच सहजपणे बसतो, शिवाय अपेक्षेपेक्षा जास्त असल्याची छटाही त्याला असते. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी देण्यात आले. 'अनेक सोलापूरकर फासावर गेले' असे लिहिले, तर वाचक दहा-पंधरा जण धरील. 'काही सोलापूरकर' लिहिले, तर ते किरकोळ वाटतील. म्हणून तिथे 'चार' हाच शब्द लिहावा, आणि शक्य असेल तर चारही नावे.