‘चारपैकी तीन माणसं मेंढरं’ हे ॲशच्या प्रयोगात कुठे आहे?

“सॉलोमन ॲशच्या प्रयोगाने सिद्ध झालंय की ७५ टक्के लोक डोळ्यांना दिसत असूनही गर्दीच्या मागे जातात. गर्दी जितकी मोठी, तितकी शरणागती मोठी. आणि कारण एकच : भीती. माणूस हा मेंढरूच.”

हा दावा एकेक करून तपासू. आधी ७५ टक्क्यांचं बघू. मानसशास्त्रज्ञ ॲश यांच्या १९५०च्या दशकातल्या या प्रयोगात एका खोलीत सात ते नऊ तरुण बसत. त्यातला एकच खरा सहभागी. बाकीचे आधीच पढवलेले. एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तेवढीच कोणती ते मोठ्याने सांगायचं. खऱ्या सहभागीची पाळी शेवटी किंवा शेवटून दुसरी. अशा १८ फेऱ्या, त्यातल्या १२मध्ये पढवलेले सगळे एकमुखाने चुकीची रेघ सांगत. फरक पाऊण इंचापासून पावणेदोन इंचांपर्यंत, म्हणजे सहज दिसणारा. एकट्याने उत्तर देणाऱ्यांच्या चुका १ टक्क्याहून कमी होत्या.

१२३ सहभागी, प्रत्येकाच्या १२ कसोटीच्या फेऱ्या, म्हणजे १,४७६ उत्तरं. त्यातली ३६.८ टक्के गटाच्या बाजूने झुकली; उरलेली सुमारे ९३० उत्तरं गट विरोधात असतानाही बरोबर आली. ७५चा आकडा येतो तो ‘निदान एकदा तरी झुकलेल्यां’चा. अकरा वेळा ठाम राहून एकदा डगमगलेला माणूसही त्यात मोजला जातो. सुमारे एक चतुर्थांश लोक एकदाही झुकले नाहीत, आणि दर वेळी झुकणारे अगदी थोडे होते. तरीही ३६.८ टक्के हा आकडा लहान नाही. एवढ्या सोप्या कामात तो अस्वस्थ करणाराच आहे, पण त्याचा अर्थ ‘चारपैकी तीन’ असा होत नाही.

गर्दीच्या आकाराचा दावा तर प्रयोगानेच खोडला आहे. विरोधात एकच जण असला तर चुका ३.६ टक्के, दोघे असले तर १३.६, तिघे असले तर ३१.८. त्यापुढे माणसं वाढवून फारसा फरक पडला नाही. चौथ्या-पाचव्या माणसाने नवं काही सांगितलेलं नसतं. खरं वजन होतं ते एकमताला. पढवलेल्यांपैकी एकाने बरोबर उत्तर द्यायला सुरुवात केली की चुका साधारण चौथाईवर येत. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो याच्या पुढचा प्रकार : वेगळं बोलणारा स्वतःही चुकीचं, गटापेक्षाही अधिक चुकीचं उत्तर देई, तरीही सहभागीच्या चुका ९ टक्क्यांवर आल्या. म्हणजे आपल्याला पाठिंबा मिळाला यापेक्षा एकमत फुटलं, हेच जास्त मोलाचं ठरलं. उलट, सोबत देणारा मधेच फिरून बहुमताला मिळाला, तर चुका पुन्हा २८.५ टक्क्यांपर्यंत चढल्या.

आता भीती. ती आहे, पण एकटी नाही. गटाने मोठ्याने बोलावं आणि सहभागीने मात्र उत्तर कागदावर लिहावं, असं केल्यावर चुका सुमारे १२.५ टक्क्यांवर आल्या. चारचौघांत वेगळं दिसण्याचा संकोच गेला, तर बराचसा परिणाम जातो हे खरं. मग उरलेल्या चुका कुठून आल्या? नंतरच्या मुलाखतींत तीन तऱ्हा दिसल्या. काहींना दिसत होतं वेगळं, पण ‘एवढे जण म्हणतात म्हणजे माझंच काही चुकतंय’ असं त्यांनी ठरवलं होतं. काहींना आपलं बरोबर आहे हे पक्कं माहीत होतं, फक्त वेगळं पडायचं नव्हतं. आणि फार थोड्यांना रेघ खरंच तशी दिसल्यासारखं वाटत होतं. पहिल्या तऱ्हेचा माणूस भित्रा नाही. इतरांचं मत हाही पुरावा असतो, आणि एरवीच्या व्यवहारात तो बरेचदा कामी येतो. १९५५मध्ये डॉइच आणि जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी पहिल्या दोन तऱ्हांमागच्या कारणांना वेगळी नावं दिली : एक माहितीचा प्रभाव, दुसरा रूढ अपेक्षेचा.

हा भेद न केल्याने बैठकीत चुकीचा इलाज होतो. ‘मोकळेपणाने बोला’ असं म्हटल्याने संकोच थोडा कमी होईल. ‘माझंच चुकत असेल’ हा संशय तसाच राहतो, कारण तोवर तिघे बोलून झालेले असतात. म्हणून चर्चेआधी प्रत्येकाने आकडा किंवा हो-नाही आणि कारणाची एक ओळ कागदावर लिहावी, नावं न घालता चिठ्ठ्या एकत्र वाचाव्यात, आणि प्रमुखाने शेवटी बोलावं. सहा जणांत चिठ्ठ्यांवर ४०, ४२, ४५, ६०, ६५, ७० आणि तोंडी फेरीत ४०, ४२, ४०, ४२, ४१, ४२ असे आकडे आले, तर ६० ते ७० लिहिणाऱ्या तिघांनी आपलं मत पटून बदललं की गिळलं, ते सगळ्यांनाच विचारा. ज्याला पटलं असेल तो नवं कारण सांगू शकतो. ज्याने गिळलं असेल त्याच्याकडे बहुतेक वेळा ‘सगळे म्हणतात’ एवढंच असतं.