हेल्थ पॉलिसीचा जीएसटी अन् बोनस परत मिळते म्हणे

"२२ सप्टेंबर २०२५ पासून हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी माफ झाला. आधी भरलेला जीएसटी आणि साचलेला बोनस आयआरडीएआय परत देत आहे. कॉल करणाऱ्याकडे तुमचा पॉलिसी नंबर असेल तर कॉल खरा समजा, लिंकवर फॉर्म भरा."

या दाव्यातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि म्हणूनच लोक फसून राहिले. पण ती माफी वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीला, आणि तीही त्या तारखेपासून पुढे. त्याआधी तुम्ही १८ टक्के भरला असेल तर तो तेव्हाच्या नियमाने गेला, तो परत द्यायची कुठलीही योजना नाही.

बोनसचं तर विचारूच नका. हेल्थ पॉलिसीत क्लेम न घेतल्याचा बोनस म्हणजे विम्याची रक्कम वाढते, काही पॉलिसीत प्रीमियमवर सूट मिळते, खात्यात रोख येत नाही. आणि आयआरडीएआय ही नियम करणारी संस्था आहे, ती ना पॉलिसी विकते ना बोनस वाटते, त्यामुळे "आयआरडीएआयमधून बोलतोय" म्हटलं की फोन ठेवा भाऊ.

आता पॉलिसी नंबरचं. २०२४ मध्ये स्टार हेल्थच्या ग्राहकांची माहिती, अगदी मेडिकल रिपोर्टसुद्धा, टेलिग्रामच्या बॉटवर मिळत होती. म्हणजे नंबर, जन्मतारीख, प्रीमियम सांगणारा माणूस कंपनीचाच असेल असं काही नाही. मनीषनगरातल्या आमच्या एका काकांना असाच फोन आला, प्रीमियम २४ हजार म्हणजे जीएसटी ४,३२० बरोबर काढून सांगितला, आणि मग हळूच, "फाइल चार्ज १,२५० आधी भरा, तोही रिफंडमध्येच येईल." इथेच खोट कळते, कारण खरा रिफंड द्यायला कंपनी आधी पैसे मागत नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिनही लागत नाही. काकांनी फोन कापला, पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या नंबरवर स्वतः कॉल केला, तिकडून उत्तर आलं की कसलाच रिफंड पेंडिंग नाही. तपासायची पद्धत हीच, आलेल्या नंबरवर उलट कॉल करायचा नाही आणि गुगलवर शोधलेला कस्टमर केअर नंबरही घ्यायचा नाही.

लिंकमध्ये irdai.gov.in दिसलं म्हणून भुलू नका, त्याच्यानंतर स्लॅश यायच्या आधी आणखी टिंब किंवा डॅश लावून काही जोडलेलं असेल तर साइट दुसऱ्याचीच. कुलपाचं चिन्ह तर खोट्या साइटलाही मिळते.

खरे रिफंड असतात, नाही असं नाही. नवी पॉलिसी ३० दिवसांत परत केली किंवा क्लेम न घेता मधेच रद्द केली तर उरलेल्या काळाचे पैसे मिळतात, पण ते तुम्ही अर्ज केल्यावर, घरबसल्या कोणी फोन करून देत नाही. कंपनीच टाळाटाळ करत असेल तर आयआरडीएआयच्या १५५२५५ नंबरवर किंवा त्यांच्याच बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा.

पैसे गेलेच असतील तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा, कारण समोरच्याच्या खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत होल्ड लागला तरच काही परत यायची आशा असते.