शेजाऱ्याला मिसळ विकण्याचा लांबचा रस्ता

पुण्यात मिसळीचं दुकान काढलंय? अभिनंदन! आता माल घरपोच डिलिव्हरीच्या ॲपवर विकावा, ऑनलाइन बाजारात विकावा की स्वतः विकावा, असल्या फालतू विचारात डोकं शिणवू नका. रविवारी सकाळी साडेनऊला, तुमचे दोन्ही हात रश्शात असताना, गळ्यात ॲपचं ओळखपत्र घातलेला जो मुलगा काउंटरवर येईल, त्याच्या टॅबवर सही करून टाका. करार नंतर वाचता येतो. म्हणजे वाचायचा नसतोच.

त्याला एवढंच विचारा, "कमिशन किती?" तो "पंचवीस टक्के" म्हणेल. चारातला एक गेला, तीन राहिले, असं मनात म्हणा आणि कामाला लागा. पुढचा हिशेब अजिबात करू नका, कारण केलात तर तो असा निघतो. दोन मिसळ आणि दोन ताक, बिल 300 रुपये. त्यावर वीस टक्के सूट, 60 रुपये. ही सूट ॲप देतं असं गिऱ्हाइकाला वाटतं, देता तुम्ही. उरले 240. त्यावर पंचवीस टक्के कमिशन 60 रुपये, पैसे गोळा करण्याचा आकार दोन टक्क्यांनी 4 रुपये 80 पैसे, आणि या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी, 11 रुपये 66 पैसे. हा जीएसटी परत मिळेल असं तुमच्या मेव्हण्याने सांगितलं असेल. नाही मिळत. पाच टक्के जीएसटीत बसणाऱ्या हॉटेलाला इनपुट क्रेडिट नसतं, तो खर्च कायमचा तुमचा. हातात आले 163 रुपये 54 पैसे. फरसाण, मटकी, पाव, ताक आणि डबे मिळून 130 धरा. राहिले तेहतीस. त्यातून भाडं, गॅस, आचारी आणि ॲपवर वरती दिसण्यासाठीची जाहिरात. म्हणजे सांगितले पंचवीस टक्के, पण छापील 300 मधले 136 गेले. पंचेचाळीस टक्के! पण तुम्ही पंचवीसच लक्षात ठेवा, झोप चांगली लागते.

मेन्यूचे भाव ॲपवर वाढवून टाका आणि करारात ॲपवर आणि दुकानात भाव एकच ठेवायचं कलम आहे का, हे कधीही बघू नका.

गिऱ्हाइकाचा फोन नंबर मागू नका. तुम्हाला काय करायचाय? मिसळ तुम्ही केली, डबा तुम्ही भरला, पण खाल्ली कोणी हे गुपित ठेवण्यातच सगळ्यांचं भलं आहे. मला हे गेल्या आठवड्यात नीट कळलं. ऑर्डर गेली, डिलिव्हरीवाल्याने पिशवी आडवी टाकली, रस्सा सांडला. आम्ही रश्शाचा डबा वेगळा देतो, त्यावर टेप मारतो, पिशवी उभी बसावी म्हणून खाली पुठ्ठा घालतो. तरी सांडला, कारण पिशवी आमच्या हातातून गेल्यावर ती उभी न्यायची की झोपवून, यावर आमचा अधिकार शून्य. गिऱ्हाइकाने फोटो टाकला आणि त्याला पूर्ण पैसे परत. उत्तम! फक्त ते ॲपने दिले नाहीत. आठवड्याचा हिशेब आला त्यात आमच्या रकमेतून वळते झाले होते. आम्हाला कोणी विचारलं? चॅटवर लिहिलं, तर "तुमची गैरसोय आम्हाला समजते." अहो, काय समजते? गैरसोय नाही, पैसे गेलेत! डबा भरतानाचा फोटो पाठवला, तर तक्रार बंद केल्याचा निरोप आला आणि सेवेला किती तारे द्याल, असा प्रश्न आला. तारे!

आणि खरा कळस पुढे. दोन दिवसांनी आमच्याच गल्लीतले, दोन बिल्डिंगा सोडून राहणारे काका पाव न्यायला आले आणि म्हणाले, "रविवारी तुमचा रस्सा सांडला होता हो. पण ॲपवाल्यांनी लगेच पैसे परत दिले. सर्व्हिस म्हणजे एक नंबर!" ते गिऱ्हाईक हे होते! या माणसाला मी लहानपणापासून ओळखतो. नंबर असता तर वरून दुसरा डबा धाडला असता, दहा मिनिटांत, गरम. त्याऐवजी आमची मिसळ सात किलोमीटरवरून आल्यासारखी सूट, कमिशन आणि नुकसानभरपाई भरत त्यांच्या दारी गेली. आणि कौतुक कोणाचं, तर ॲपचं.

असो. टिकाऊ माल असेल तर ऑनलाइन बाजारात उतरा. तिथलं कमिशन कमी दिसतं, म्हणून सुरुवात चिवड्याने करा. कुरिअरवाले वजन दोन प्रकारे काढतात: काट्यावर, आणि खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागून. जे जास्त, ते लावतात. तीस बाय वीस बाय बाराच्या खोक्यातला अर्धा किलो चिवडा 1.44 किलोचा होतो, म्हणजे दीड किलोचं भाडं. तुम्ही हवा पाठवता आणि हवेचं भाडं भरता. त्याच अर्ध्या किलोचा गोडा मसाला पंधरा बाय बारा बाय आठच्या खोक्यात बसतो आणि अर्ध्या किलोचाच राहतो. पण मसाला नको, चिवडाच विका. खोकं मोठं, छान दिसतं.

आणि सगळ्याला कंटाळून स्वतःची डिलिव्हरी सुरू करायचीच असेल, तर आधी मुलगा ठेवा, मग गिऱ्हाइकं शोधा. पगार आणि पेट्रोल धरून महिना 18,000. तो मंगळवारी स्टुलावर बसून रील बघेल आणि रविवारी नऊ ते अकरात सगळ्यांना एकदम मिसळ हवी असेल, तेव्हा तासाला तीन-चार घरं करून दमेल. उरलेली गिऱ्हाइकं तुम्हाला फोन करून विचारतील, "निघाला का?"

आता यात हसण्यासारखं काही नाही. तो मुलगा वाईट सौदा नाही, हिशेब न करता ठेवलात म्हणून वाईट. ॲपवर एका ऑर्डरमागे 136 जातात. 18,000 भागिले 136, महिन्याला 132 ऑर्डरी. सव्वीस दिवस धरले तर रोजच्या पाच. तुमच्या दोन किलोमीटरांत, तुमची चव माहीत असलेल्या पाच घरांनी रोज मागवलं की मुलगा स्वतःचा खर्च काढतो. तेवढी नसतील तर मुलगा ठेवू नका, शनिवारी रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर नावं घ्या, रविवारी भाच्याला पाठवा, पैसे यूपीआयवर घ्या. आणि ॲप बंद करू नका. लांबच्या गल्लीतल्या माणसाला तुम्ही आहात हे ॲपच सांगणार, आणि भट्टी रिकामी असताना तेहतीस रुपये शून्यापेक्षा जास्तच असतात. पण ॲप नव्या तोंडासाठी ठेवा. तोच माणूस चौथ्यांदा, पाचव्यांदा ॲपवरूनच मागवत असेल आणि तुम्ही पंचेचाळीस टक्के देत असाल, तर दोष ॲपचा नाही हो, तुमचा! हॉटेलवाल्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये दोन मोठ्या ॲपच्या चौकशीचा आदेश दिला. म्हणून काय तुम्ही निकालाची वाट बघत बसणार? काउंटरवर येणाऱ्याला त्याचा नंबर विचारायला कुठल्या आयोगाची परवानगी लागते? दहा वर्षं गल्ल्यावर बसता, समोरच्या बिल्डिंगमधल्या एका माणसाचा नंबर तुमच्या फोनमध्ये नाही, आणि ग्रुपवर मात्र रोज ॲपला शिव्या. आणि काका, तुम्हीही! साठ रुपयांच्या सुटीसाठी दोन बिल्डिंगा चालवत नाही तुम्हाला?