तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं?

अनगोळात आमच्या गल्लीच्या तोंडाला मारुतीचं देऊळ आहे. त्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी आम्ही चौघं बसतो. परवा सदा आला तो वैतागूनच. त्याची मुलगी नोकरीसाठी हुबळीला खोली घेऊन राहिली आहे. आईनं फोनवर सांगितल्याप्रमाणं तिनं तूरडाळीला तीन शिट्ट्या काढल्या, तरी डाळ दाताखाली कचकच. दुसऱ्या दिवशी पाच काढल्या, तरी तेच. आता घरात मायलेकींचा वाद पेटलाय.

"डाळच जुनी असणार," बसू म्हणाला. बसू लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेतो, त्यामुळं डाळीच्या बाबतीत त्याचा शब्द आम्ही मानतो.

"डाळ आमच्यातलीच नेलीय," सदा म्हणाला. "त्याच डब्यातली इथं तीन शिट्ट्यांत लोणी हुतीय."

बाळू उद्यमबागेत कारखान्यात आहे. त्यानं उंचीचा मुद्दा काढला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, इथं पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशालाच उकळतं, म्हणून डाळ शिजायला वेळ लागतो, असं त्याचं म्हणणं. उघड्या पातेल्यापुरतं ते खरंच आहे. खरं, कुकरात हिशेब वेगळा. शिट्टीचं वजन साधारण चौरस सेंटिमीटरला एक किलो एवढा जादा दाब आत धरून ठेवतं. त्या दाबाला समुद्रकाठी पाणी सुमारे 120 अंशांवर उकळतं आणि आपल्याकडं त्याहून एखादा अंश कमी. एका अंशानं डाळ कच्ची राहत नाही. आणि हुबळी काही आपल्यापेक्षा उंच नाही.

मग मी सदाला विचारलं, "पोरीकडं कुकर कसला आहे, आणि शेगडी कुठली?"

"दोन लिटरचा. इंडक्शनवर."

इथंच गाठ सुटली असं मला वाटलं, पण बसू ऐकेना. "शिट्टी ती शिट्टी. दाब भरल्याशिवाय वाजंल व्हय?"

नाहीच वाजत. पण शिट्टी एवढंच सांगते की दाब पुरेसा झाला आणि जादाची वाफ बाहेर गेली. आत डाळ किती वेळ तापली हे ती सांगत नाही. आच मोठी असेल तर जादाची वाफ पटापट होते आणि शिट्ट्या लागोपाठ येतात. आच बारीक असेल तर तीच शिट्टी पाच-सात मिनिटांनी येते. आतलं तापमान दोन्ही वेळी जवळपास सारखंच असतं, कारण वजन त्याच्या वर जाऊ देत नाही. म्हणजे मोठ्या आचेवर डाळ जास्त जोरात शिजत नाही, फक्त गॅस जास्त जळतो आणि पाणी आटतं.

सदाच्या घरचा हिशेब आम्ही तिथंच मांडला. वहिनींचा पाच लिटरचा कुकर, खाली भाताचा डबा, वर डाळीचा. पहिली शिट्टी यायला दहा मिनिटं. मग त्या आच मध्यम करतात आणि पुढच्या दोन शिट्ट्या तीन-तीन मिनिटांनी येतात. गॅस बंद करून त्या आंघोळीच्या पाण्याचं बघायला जातात, म्हणजे कुकर आपोआप निवायला बारा-पंधरा मिनिटं मिळतात. दाबाखाली सहा मिनिटं आणि निवताना मिळालेली ऊब वेगळी. पोरीकडं अर्धी वाटी डाळ, थोडंसं पाणी, इंडक्शन पूर्ण जोरात. चार मिनिटांत पहिली शिट्टी, साडेपाचव्या मिनिटाला तिसरी. कामावर जायची घाई, म्हणून चमच्यानं वजन उचलून वाफ सोडली. दाबाखाली डाळीला मिळाली जेमतेम दीड मिनिटं. पाच शिट्ट्या काढल्या तरी तीन मिनिटांच्या वर जात नाही. आई बरोबर सांगत होती आणि पोरीनं तसंच केलं होतं, नडलं ते माप.

बसूला हे तोंडी पटणारं नव्हतं. रविवारी सगळे आमच्या घरी आले. तीन लिटरचा कुकर घेतला, एक वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवलेली, तीन वाट्या पाणी, चिमूट हळद आणि तेलाचे दोन थेंब. तेलाचं कारण असं की डाळीला फेस येतो, तो शिट्टीच्या नळीत चढतो आणि पिवळं पाणी शेगडीवर उडतं. नळी चोंदली तर ते धोक्याचंच, म्हणून डाळ आणि पाणी मिळून कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही.

पहिल्या खेपेला आच मोठीच ठेवली. सहाव्या मिनिटाला पहिली शिट्टी, साडेसातला तिसरी. लगेच वाफ सोडून झाकण काढलं. बसूनं एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला. बाहेरचा भाग पसरला, पण मध्ये खडूसारखा पांढरा कण राहिला. त्यानं तो कण जिभेवर ठेवला आणि काही बोलला नाही.

दुसऱ्या खेपेला तेवढीच डाळ आणि तेवढंच पाणी. पहिली शिट्टी झाली तशी आच बारीक केली आणि घड्याळ लावलं. आठ मिनिटांत शिट्टी एकदाच झाली. आच बंद करून झाकण आपोआप सुटेपर्यंत थांबलो, दहा मिनिटं गेली. पळीनं एकदा ढवळताच डाळीचं वरण झालं, रवी लागली नाही.

बारीक म्हणजे किती, हे बाळूनं विचारलं ते बरं केलं. वजनाखालून हलकी सुसू चालू राहिली पाहिजे, मधून एखादी शिट्टी आली तरी चालेल. अगदीच गप्प झालं तर दाब उतरलाय, आच थोडी वाढवायची.

न भिजवलेल्या तूरडाळीला मी पहिल्या शिट्टीनंतर दहा मिनिटं धरतो, मूगडाळीला चार, रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्याला पंधरा ते वीस. मध्यम अख्ख्या बटाट्याला दहा, फोडी केल्या तर पाच. आणि एवढं करूनही डाळ शिजली नाही तरच बसूचं म्हणणं खरं धरायचं. मग डाळ जुनी असते, नाहीतर बोअरचं जड पाणी, नाहीतर चिंच किंवा टोमॅटो आधीच घातलेला. आंबट डाळ मऊ झाल्यावरच घालायचं.

सदाची शेती खानापूर भागात, रताळ्यांची. तो इतका वेळ ऐकत होता. म्हणाला, "मग रताळी कुकरात फिकी का लागत्यात? चुलीच्या राखेत भाजली की मधासारखी."

या प्रश्नानं मला सगळ्यात बरं वाटलं, कारण तिथं शिट्टीच्या आधीचा वेळ कामाला येतो. रताळ्यात पिठूळ भागाची साखर करणारं एक द्रव्य असतं. साठ ते पंचाहत्तर अंशांच्या आसपास ते जोरात काम करतं, त्याहून बरंच तापलं की मरतं. कुकरात रताळं तो टप्पा काही मिनिटांत ओलांडतं, राखेत हळूहळू तापत अर्धा-पाऊण तास त्यातच रेंगाळतं. म्हणून कुकरातलं मऊ होतं, पण गोड कमी.

"मग बारीक आचेवरच चढवायचा की कुकर," सदा म्हणाला. रताळ्यापुरतं ते करून बघण्यासारखं आहे. पुढच्या रविवारी तो पिशवीभर आणणार आहे, निम्मी मोठ्या आचेवर आणि निम्मी अगदी बारीक आचेवर चढवून चव घेऊ.

निघताना त्यानं दारातूनच पोरीला फोन लावला. "पहिली शिट्टी झाली की इंडक्शन कमी कर. आणि मोबाइलवर आठ मिनिटं लाव. वजन उचलायचं न्हाई, कळलं न्हवं?"