होडीच्या तुकड्यात उरलेलं सगळं काच नसतं

"फायबरच्या होडीचा चिमूटभर तुकडा टीजीएमध्ये नायट्रोजनखाली ८५० अंशांपर्यंत तापवा. शेवटी जेवढे टक्के उरतील तेवढी काच. हवेत तापवलं तरी आकडा तोच येतो."

हा सल्ला चुकीचा आहे. टीजीए म्हणजे तापवता तापवता तुकड्याचं वजन मोजणारं यंत्र. त्यात नायट्रोजनखाली काच धरून ठेवणारं पॉलिएस्टर रेझिन जळत नाही, नुसतं फुटतं. साधारण ३०० ते ४५० अंशांत त्यातलं बहुतेक वायू होऊन निघून जातं, पण थोडा कार्बन कोळसा होऊन मागे राहतो. ऑक्सिजनच नसल्यावर तो ८५० अंशांनाही जाणार कुठे? तो काचेच्या खात्यात जमा होतो. ताटली बाहेर काढून बघा, आतलं काळं दिसायला हवं. पांढरं दिसलं तर भट्टीत कुठून तरी हवा शिरली आहे आणि तो आलेख बाद धरावा.

हवेत आकडा तोच येत नाही, कारण तिथे ४५० ते ५५० अंशांत हा कोळसा जळण्याची दुसरी पायरी दिसते. मात्र हवेत तुकडा मोठा घेतला तर तो स्वतःच पेटतो, भट्टीपेक्षा गरम होतो आणि पायऱ्यांची तापमानं चुकतात.

तरी खरी फसगत पुढेच आहे. खाचा बुजवायच्या लांबीत आणि रेझिनमध्ये अनेकदा कॅल्शियम कार्बोनेटची पूड मिसळलेली असते. कोकणात शिंपल्या भाजून चुना करत, तेच भट्टीत होतं: सुमारे ६०० ते ८०० अंशांत कार्बन डायऑक्साइड निघून पुडीचं ४४ टक्के वजन जातं आणि चुनखडीचा चुना उरतो.

म्हणून दोन्ही वायू एकाच फेरीत वापरावेत. समजा १०.०० मिलिग्रॅम तुकडा घेतला. १५० अंशांपर्यंत ०.०८ गेले, ती ओल. नायट्रोजनमध्ये ५५० पर्यंत आणखी ४.९२ गेले, ते रेझिन. तिथेच थांबून हवा सोडली, वजनाची रेघ सपाट होईपर्यंत ०.३० गेले, तो कोळसा. मग हवेतच ८५० पर्यंत नेलं, ०.६६ गेले. ०.६६ ला ०.४४ ने भागा, कार्बोनेट १.५० मिलिग्रॅम निघतं. शेवटी उरलेल्या ४.०४ मधून त्याचा चुना ०.८४ वजा केला की काच ३.२०, म्हणजे ३२ टक्के. सुरुवातीच्या सल्ल्याप्रमाणे याच तुकड्यात ४३ टक्के काच दिसली असती. होडीच्या बाहेरच्या रंगीत थरातला, म्हणजे जेलकोटमधला, टायटॅनियम डायऑक्साइडही काचेतच मोजला जातो, म्हणून जेलकोट आधी खरवडून काढावा.

आणि चिमूटभर का, हेही विचारायला हवं. १० मिलिग्रॅममध्ये काचेच्या धाग्यांच्या मॅटचा एक जुडगा आला की काच वाढते, निसटला की घटते. तीन-चार जागचे तुकडे तपासले की आकड्यांतला फरक लगेच कळतो. पूर्ण होडीच्या काचेसाठी आयएसओ ११७२ प्रमाणे काही ग्रॅमचा तुकडा मफल भट्टीत ६२५ अंशांवर जाळावा. राखेतली पूड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने झटकन धुवून मग काच वाळवून तोलावी. आम्लात ती फार वेळ ठेवली तर ई-ग्लास, म्हणजे होडीतली ही काचही, थोडी झिजते.