न झाडलेली गोळी

चारही बाजूंना तोंड करून उभ्या राहणाऱ्या बंदूकवाल्या पायदळाच्या चौकोनाबद्दल इथे कुणी लिहिलं की खाली हमखास एक कमेंट येते: "चारही बाजूंनी धडाधड गोळ्या, घोडेस्वारांचं काय चालणार?" माझं मत नेमकं उलटं आहे. चौकोन टिकायचा तो न झाडलेल्या गोळीवर.

नेपोलियनच्या काळची चकमकीची बंदूक भरायची कशी ते आधी बघा. कागदी काडतूस दाताने फाडायचं, चिमूटभर दारू रंजक म्हणून बंदुकीच्या कानात टाकायची, उरलेली नळीत ओतायची, वरून गोळी आणि कागद, मग गजाने ठासायचं. कवायतीत मुरलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा, म्हणजे एका बाराला वीस सेकंद. आणि नेम? शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसावर रोखून फारसा अर्थ नव्हता. म्हणून रांग करून सगळ्यांनी एकदम फैर झाडायची. इंग्रज दोन ओळींत उभे राहत. पाचशेच्या पलटणीची रांग साधारण दीडशे मीटर लांब व्हायची आणि पाचशेच्या पाचशे बंदुका समोर रोखलेल्या असायच्या.

पण रांगेला बगल असते, पाठ असते. घोडेस्वार तिथून शिरले की संपलं. म्हणून चौकोन. तेच पाचशे जण चार ओळींत उभे केले तर एक बाजू जेमतेम अठरा मीटरची होते. पुढच्या दोन ओळी गुडघ्यावर, बंदुकीचा दस्ता जमिनीत रोवलेला, संगीन तिरपी बाहेर. मागच्या दोन ओळी उभ्या, गोळी झाडायला. मध्ये निशाण, अधिकारी, जखमी. आता हिशोब करा: एका बाजूला उभे बंदूकवाले साठेक. पाचशेवरून साठ! मारा तर घटलाच.

मग स्वार अडतात कशाने? घोड्यामुळे. संगिनींच्या कुंपणावर घोडा आपणहून उडी घेत नाही. तो बिचकतो, वळतो, बाजूने निघून जातो. भरधाव घोडा शेवटचे शंभर मीटर दहा-बारा सेकंदांत कापतो, बंदूक पुन्हा भरायला वीस लागतात. म्हणजे फैर एकच मिळणार. घाईने लांबून झाडली तर फुकट, आणि स्वार येऊन भिडतात तेव्हा बंदुका रिकाम्या. फार जवळ येऊ दिलं तर मेलेला घोडा वेगाने येऊन रांगेवरच आदळतो. तीसेक पावलांवर झाडायची, नाहीतर रोखून नुसतं थांबायचं. कवायतीची खरी परीक्षा या थांबण्यात होती.

मेलेल्या घोड्याचं काय होतं ते स्पेनमध्ये गार्सिया एर्नांदेझला 23 जुलै 1812 रोजी दिसलं. इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन स्वारांपैकी एकाचा घोडा गोळी लागून फ्रेंच चौकोनावर कोसळला, संगिनी दबल्या, खिंडार पडलं आणि मागचे स्वार त्यातून आत शिरले. चौकोन फुटला.

वॉटर्लूला, 18 जून 1815 च्या दुपारी, असं झालं नाही. चारच्या सुमारास फ्रेंच मार्शल ने याने चिलखती स्वार सोडले. आदल्या रात्रीच्या पावसाने जमीन चिखल झालेली, चढावर घोड्यांना वेग धरता येईना. इंग्रज आणि त्यांच्या मित्रांचे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे आडवेतिडवे, म्हणजे एकाची गोळी दुसऱ्याला लागू नये. स्वार चौकोनांमधल्या गल्ल्यांतून घुमले, परतले, पुन्हा आले. एकही चौकोन फुटला नाही.

याचा अर्थ चौकोन अभेद्य होता असा नाही. दोनच दिवस आधी वॉटर्लूजवळच्या कात्र ब्राला इंग्रजांची 69 वी पलटण चौकोन पुरता होण्याआधीच स्वारांच्या तावडीत सापडली आणि तिचं एक निशाण गेलं. खरा शत्रू मात्र तोफ. दाटीने उभ्या माणसांत एक गोळा किती जणांना नेईल? वॉटर्लूलाच 27 व्या पलटणीचे निम्म्याहून जास्त लोक चौकोनात उभ्या जागी पडले, ते तोफा आणि बंदुकांच्या माऱ्याने. ने याची चूक हीच, असं मला वाटतं. स्वारांमागोमाग पुरेशा तोफा आणि पायदळ आणलं असतं, तर चौकोन मोडला तरी मरण, नाही मोडला तरी मरण.

हा पेच आपल्याकडे बारा वर्षं आधी पडला होता. 23 सप्टेंबर 1803, असई, आजचा जालना जिल्हा. समोर वेलस्ली, म्हणजे वॉटर्लूला इंग्रजांचा सेनापती असलेला पुढचा वेलिंग्टन. त्याची 74 वी पलटण भरकटून गावाच्या फार जवळ गेली. मराठ्यांच्या तोफांनी आधी तिची चाळण केली, मग घोडदळ तुटून पडलं. उरलेल्यांनी कसाबसा ओबडधोबड चौकोन केला. सुमारे पाचशेंपैकी जवळपास चारशे मेले किंवा जखमी झाले. तोफ आणि घोडा, दोन्ही होते आपल्याकडे. इंग्रजांकडच्या मॅक्सवेलचे स्वार वेळेवर पोचले, म्हणून ते उरलेले वाचले.